वडिलांचा नंबर नावावर करायचा अर्ज आणि अचानक गेलेलं नेटवर्क

वडील वारल्यावर त्यांचा मोबाइल नंबर आपल्या नावावर करावा म्हणून मुलगा कंपनीला अर्ज लिहितो. कारण देतो: बँकेचे मेसेज याच नंबरवर येतात. अर्जात नंबर, बँकेचं नाव, सोबत मृत्यूचा दाखला आणि वडिलांच्या आधार कार्डाची प्रत. उत्तर येत नाही म्हणून अर्जाचा आणि सोबतच्या कागदांचा फोटो काढून कंपनीच्या सोशल मीडिया पानावर टाकतो. फसवणूक इथून सुरू होते.

थोड्याच वेळात 'कस्टमर केअर'चा फोन येतो. "अर्ज मंजूर झालाय, ई-सिम करून नाव बदलून देतो, दुकानात यायची गरज नाही." ई-सिम म्हणजे वेगळं कार्ड न लागणारं, हँडसेटमध्येच असलेलं सिम. वडिलांच्या फोनवरून एक मेसेज पाठवायला सांगतात. त्यातला ३२ अंकी आकडा म्हणजे ईआयडी, चोराच्या हँडसेटमधल्या ई-सिमचा ओळख क्रमांक. मग कंपनीकडूनच संमती विचारणारा मेसेज येतो. तो खरा असल्यामुळे कुणाला शंका येत नाही. संमती दिली की फोनवर No Service.

"चोवीस तास असंच राहील, नियम आहे," असं सांगून चोर वेळ काढतो. नियम खरा आहे, पण अर्धाच सांगितलेला. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद राहतात; नेटवर्क मात्र नव्या सिमवर चालू असतं. आपल्याकडे नवं सिम आलेलंच नाही आणि जुनं बंद पडलं, म्हणजे नंबर दुसऱ्याच्या हातात गेला. त्याच क्षणी दुसऱ्या फोनवरून कंपनीला नंबर बंद करायला सांगावं, बँकेला कळवावं आणि १९३० वर तक्रार करावी. एसएमएस बंद असलेले हे चोवीस तासच आपल्या हाताशी असतात.

ते उलटले की ओटीपी चोराकडे जातात. आधारवरून यूपीआय पिन काढायला आधारचे पहिले सहा अंक आणि ओटीपी लागतात. अंक अर्जासोबतच्या प्रतीवर होते. मृत्यूची खबर बँकेला दिलेली नसल्याने खातंही चालूच असतं.

खरी मालकी बदलताना वारसाला कंपनीच्या अधिकृत दुकानात स्वतःची केवायसी करावी लागते. फोनवरून ती होत नाही. अर्जात फक्त 'मयताच्या नावावरील नंबर वारसाच्या नावे करणे' एवढंच लिहावं. बँकेचा उल्लेखही नको, कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नाही.

बँकेच्या मेसेजसाठी तर हा अर्ज मुळातच चुकीच्या दारात जातो. खातं आईसोबत संयुक्त, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' पद्धतीचं असेल, तर शाखेत मृत्यूचा दाखला देऊन वडिलांचं नाव कमी करायचं आणि आईचा नंबर नोंदवायचा. एकट्या वडिलांचं खातं असेल तर नॉमिनीने दाव्याचा फॉर्म भरायचा. हे होईपर्यंत जुन्या नंबरचं रिचार्ज संपू देऊ नये, कारण बंद पडलेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्याच ग्राहकाला देते.