पोलीस जबाब आणि मॅजिस्ट्रेटपुढचा जबाब: साक्षीदाराने जाण्याआधी काय समजून घ्यावं

"वकीलसाहेब, पोलिसांनी जबाब घेतलाय माझा. आता म्हणतात, उद्या कोर्टात एकशे चौसष्टला या. एकदा सांगितलं तेच पुन्हा कशाला? जाऊ का नको?"

असा फोन महिन्या-दोन महिन्यांनी येतोच. त्यामागे दोन समज असतात. एक म्हणजे हा नुसता दुसरा हेलपाटा आहे. दुसरा उलटा: मॅजिस्ट्रेटपुढे एकदा सांगितलं की सुटलो, खटल्याच्या वेळी पिंजऱ्यात उभं राहायला नको. दोन्ही चुकीचे आहेत, आणि दुसरा जास्त महागात पडतो.

आधी नावं. पोलीस जबाबाला जुन्या कायद्यात १६१ म्हणायचे आणि मॅजिस्ट्रेटपुढच्याला १६४. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. त्यात ही कलमं १८० आणि १८३ झाली. कोर्टाच्या आवारात मात्र अजून "वन सिक्स्टी फोर"च चालतं, म्हणून मीही तेच आकडे वापरतो.

एक उदाहरण धरू. रात्री साडेनऊला एसटी स्टँडसमोर एकावर कोयत्याने वार झाले. तो वाचला, गुन्हा खुनाच्या प्रयत्नाचा लागला. चहाच्या गाड्यावाल्याने पंधराएक फुटांवरून सगळं पाहिलं, आणि मारणारा त्याच्या ओळखीचा आहे.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात त्याचा पोलीस जबाब होतो. तो बोलतो, हवालदार टाइप करतो. सुरुवात ठरलेली: "समक्ष विचारलेवरून जबाब देतो की". शेवटही ठरलेला: "माझा वरील जबाब संगणकावर टंकलिखित केला असून तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे." मधला मजकूर त्याचा, पण भाषा ठाण्याची. दोषारोपपत्र चाळताना कधीकधी तीन साक्षीदारांचे जबाब अक्षरशः सारखे निघतात, एकाच शब्दातल्या एकाच चुकीसह. या जबाबावर साक्षीदाराची सही नसते. हा निष्काळजीपणा नाही, कायद्यानेच सही घ्यायला मनाई आहे. शपथही नसते. पोलिसांनी दबाव टाकून हवं ते लिहून घेतलं, तर त्या कागदाने माणूस बांधला जाऊ नये म्हणून ही सोय.

आता १६४. तपासी अंमलदार कोर्टाला पत्र देतो आणि तारीख मिळते. गाडेवाला गेला की मॅजिस्ट्रेट आधी त्याची ओळख तपासतात आणि पोलिसांना दालनाबाहेर जायला सांगतात. मग विचारतात: स्वतःहून आलात का, कुणी धाक दाखवला का, काय सांगायचं ते कुणी पढवलं का. शपथ देतात. तो बोलतो ते साक्ष नोंदवतात त्या पद्धतीने लिहून घेतलं जातं, वाचून दाखवलं जातं, चुकलं असेल तर दुरुस्त होतं, आणि तो सही करतो.

आता दोन वर्षं पुढे जाऊ. सत्र न्यायालयात गाडेवाल्याची साक्ष लागली आहे. फरक खरा इथे उघडा पडतो.

समजा, तो ठाम राहिला: "होय, ह्यानेच कोयता मारला." बचावाचे वकील म्हणतील, हे सगळं आता रचून सांगतोस. फक्त पोलीस जबाब असेल, तर सरकारी वकिलांना "पहिल्या दिवशीही हेच सांगितलं होतं" म्हणून तो पुढे करता येत नाही. पोलीस जबाब साक्षीदाराला खोटं पाडायला वापरता येतो, दुजोरा द्यायला नाही. लोकांना हे उफराटं वाटतं, पण कायदा तसाच आहे. १६४चा जबाब असेल तर तो दुजोऱ्यासाठी वापरता येतो. साक्षीदार खरा असेल तर या जबाबाचा पहिला फायदा त्यालाच होतो, हे क्वचितच कुणी त्याला सांगतं.

समजा, तो फिरला: "मी काही पाहिलं नाही." सरकारी वकील कोर्टाच्या परवानगीने त्याचीच उलटतपासणी घेतात, आपण ज्याला फितूर होणं म्हणतो. पोलीस जबाबातला मजकूर वाचून दाखवला की उत्तर ठरलेलं असतं: "असा जबाब मी दिलेला नाही. पोलिसांनी का लिहिला, सांगता येणार नाही." सही नाही, शपथ नाही, आणि तो तसं म्हणून मोकळा होतो. नंतर तपासी अंमलदार पिंजऱ्यात येऊन "मी त्याच्या सांगण्याप्रमाणेच लिहिला" असं म्हणतो. त्यातून साक्षीदार बदलला एवढंच सिद्ध होतं, कोयता कुणी मारला ते नाही.

१६४ असेल तर तेच उत्तर देणं अवघड जातं. सही स्वतःची, लिहून घेणारा न्यायाधीश, पोलीस दाराबाहेर. "पोलिसांच्या भीतीने बोललो" असं काही जण तरीही म्हणतात. मग कोर्ट पाहतं की धाकाचा प्रश्न मॅजिस्ट्रेटने तेव्हा विचारला होता का, आणि उत्तर काय दिलं होतं.

शिवाय खोट्या साक्षीची टांगती तलवार. इथे कायद्यात एक उदाहरण दिलेलं आहे, आणि ते आपल्या गाडेवाल्यासाठीच लिहिलंय असं वाटावं. एक माणूस मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर सांगतो की अमक्याने तमक्याला दांडक्याने मारताना मी पाहिलं. तोच सत्र न्यायालयात शपथेवर सांगतो की अमक्याने कधी मारलंच नाही. यातलं खोटं कुठलं ते सिद्ध झालं नाही तरी त्याच्यावर पर्यायी दोषारोप ठेवून त्याला शिक्षा देता येते. शिक्षा सात वर्षांपर्यंत. प्रत्यक्षात कोर्टं ही कारवाई फार कमी वेळा करतात, हे मान्य. पण पोलीस जबाबाला मुळात शपथच नसल्याने तिथून फिरणाऱ्याची अशी कोंडी करताच येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३च्या आर. शाजी विरुद्ध केरळ राज्य या निकालात या जबाबामागचा एक हेतू हाच सांगितला: साक्षीदाराला आधीचं म्हणणं नाकारून बाजू बदलण्यापासून रोखणं.

आता याची मर्यादा, कारण इथेच लोक घसरतात. गाडेवाला फिरला, तर नुसत्या १६४वर आरोपीला शिक्षा होत नाही. तो जबाब दुजोऱ्याला किंवा खोडून काढायला चालतो, मूळ पुरावा म्हणून नाही. कारण साधं आहे: तो नोंदवताना आरोपीच्या वकिलाला एकही प्रश्न विचारता आला नव्हता. अंधार होता का, गाड्यावरचा बल्ब चालू होता का, मध्ये रिक्षा उभी होती का, हे कुणी तपासून पाहिलेलं नाही. मूळ पुरावा तोच, जो पिंजऱ्यात उभं राहून, उलटतपासणी सोसून दिला जातो. म्हणून साक्षीला यावंच लागतं. याला एक अपवाद आहे: लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडित व्यक्ती शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अपंग असेल, तर तिचा मॅजिस्ट्रेटपुढचा जबाबच सरतपासणी, म्हणजे सरकारी वकिलांनी घ्यायची पहिली साक्ष, म्हणून धरतात आणि कोर्टात फक्त उलटतपासणी होते.

आरोपीच्या कबुलीचं गणित वेगळं आहे, आणि गल्लत होते म्हणूनच दोन वाक्यं. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. मॅजिस्ट्रेटपुढे, "कबुली द्यायलाच हवी असं नाही आणि दिली तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल" अशी समज दिल्यावर, स्वेच्छेने दिलेली कबुली मात्र त्याच्याविरुद्ध पुरावा ठरू शकते.

पुन्हा साक्षीदाराकडे. १६४ला जाण्यात धोका कुठला? एकच, पण खरा: दोन जबाबांतली तफावत. पोलीस जबाबात "दोघे जण आले" आणि वीस दिवसांनी १६४मध्ये "तिघे जण" असं आलं, तर बचाव पक्ष दोन्ही कागद समोर धरतो. तिसरा माणूस मधल्या वीस दिवसांत कुठून उगवला? उशीर जितका जास्त तितका हा प्रश्न बोचतो. मी पाहिलेले साक्षीदार खोटेपणापेक्षा हौसेपायी जास्त अडकले आहेत. गावात नंतर ऐकलेलं त्यांनी स्वतः पाहिल्यासारखं सांगितलं. जे दिसलं तेवढंच सांगा. पोलीस जबाबात काही चुकीचं लिहिलं गेलं असेल, तर "तिथे चुकून तसं आलं, मी असं सांगितलं होतं" हे मॅजिस्ट्रेटना स्पष्ट सांगा. कबूल केलेली चूक खपते, झाकलेली खपत नाही.

"मी स्वतःच थेट कोर्टात जाऊन जबाब देऊ का?" असंही विचारतात. साक्षीदाराला तसं जाता येत नाही. १९९९च्या जोगेंद्र नाहक प्रकरणात चौघे जण परस्पर मॅजिस्ट्रेटकडे गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तपास यंत्रणेने पाठवल्याशिवाय असे जबाब नोंदवायचे नाहीत. नाहीतर आरोपीचे हितचिंतक रांग लावतील. पोलीस तुमचं म्हणणं नीट लिहीत नाहीत असं वाटलं, तर तपासी अंमलदाराला लेखी अर्ज द्या की माझा जबाब मॅजिस्ट्रेटपुढे घ्यावा, आणि पोच घ्या. नव्या संहितेत दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब मॅजिस्ट्रेटने नोंदवायचाच आहे. आपलं कोयत्याचं प्रकरण त्यात बसतं.

बलात्काराच्या प्रकरणात पीडितेसाठी हा प्रश्नच उरत नाही. गुन्हा कळताच पोलिसांनी तिला मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं, शक्यतो महिला मॅजिस्ट्रेटपुढे. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी चोवीस तासांची मर्यादा घातली आणि उशीर झाल्यास कारण केस डायरीत लिहायला सांगितलं. तो जबाब दोषारोपपत्रापर्यंत उघड करायचा नाही. आरोपीलाही त्याआधी त्याची नक्कल मागण्याचा हक्क नाही.

तर त्या फोनवाल्याला मी काय सांगतो? खरं पाहिलं असेल आणि दोन वर्षांनी तेच सांगायची तयारी असेल, तर जा, तुमचंच बळ वाढेल. फक्त पोलिसांना बरं वाटावं म्हणून काही जास्तीचं बोलला असाल, तर ते शपथेवर दुसऱ्यांदा बोलू नका. आणि दडपण असेल तर ते सांगण्याची जागाही तीच. पोलीस बाहेर गेले आणि दार लागलं की मॅजिस्ट्रेटचा पहिला प्रश्न त्याबद्दलच असतो. जाताना आधार कार्ड घ्या, आणि गाडा त्या दिवशी दुपारपर्यंत बंदच ठेवा. अकराची वेळ दिली तरी नंबर केव्हा लागेल, ते बोर्डावर किती प्रकरणं आहेत त्यावर.