एकच शेड, दोन धंदे: आयआरआर की एनपीव्ही?

रत्नागिरीजवळ एका कुटुंबाची एकच शेड आहे, असं धरू. तीत काजूप्रक्रिया करायची की आंब्याचा पल्प, हे ठरवायचं आहे. आकडे मी समजायला सोपे घेतलेत.

काजूत आज २ लाख घातले की वर्षअखेरीस २.८ लाख हाती येतात. पल्पला १० लाख लागतात, परत येतात १३ लाख. आयआरआर, म्हणजे अंतर्गत परतावा दर, काजूचा ४० टक्के आणि पल्पचा ३० टक्के. काजू पुढे.

आता एनपीव्ही, म्हणजे पुढच्या पैशांचं आजचं निव्वळ मूल्य, काढू. भांडवलाचा खर्च १० टक्के धरून वर्षअखेरची रक्कम १.१ ने भागायची आणि गुंतवणूक वजा करायची. काजूचे उरतात साधारण ५४,५०० रुपये, पल्पचे १,८१,८००. पल्प पुढे!

असं का होतं? आयआरआर दर सांगतो. तो किती रकमेवर मिळाला, हे सांगत नाही. म्हणून मी नेहमी फरकाचा हिशेब मांडते. पल्पसाठी जादा ८ लाख घालावे लागतात आणि त्यांचे १०.२ लाख होतात, म्हणजे २७.५ टक्के. काजू निवडला तर हे ८ लाख १० टक्क्यांवरच राहणार.

पैसा २७.५ टक्क्यांपेक्षा महाग पडत असेल, तर एनपीव्हीनेही काजूच सरस ठरतो. त्याहून स्वस्त मिळत असेल आणि १० लाख खरोखर उभे राहत असतील, तर मी पल्पच घेईन.