उरलेला डाय आणि उघडलेला डबा: पावडरचं पाकीट की ट्यूब?

कालवलेला डाय उरला तर ठेवता येतो का? या बाबतीत पावडर आणि ट्यूब दोन्ही सारखेच: नाही. कालवल्याबरोबर ऑक्सिडेशन सुरू होतं. रंगाचे कण सुरुवातीला बारीक असतात, केसाच्या आत शिरतात आणि तिथे एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात, म्हणून रंग टिकतो. वाटीत राहिलेल्या मिश्रणात ते बाहेरच मोठे होतात. असा डाय दुसऱ्या दिवशी लावला तर काळा दिसतो, पण केसात न जाता कातडीला डाग पाडतो आणि धुतल्यावर बराचसा निघून जातो. झाकण घट्ट लावून ठेवणं तर त्याहून वाईट. ट्यूबच्या मिश्रणातल्या पेरॉक्साइडमधून वायू सुटत राहतो, बाटली फुगते, फुटूही शकते.

फरक आहे तो न कालवलेल्या मालात. मला मिशी आणि कानशिलांपुरताच डाय लागतो, त्यामुळे पाकीट कापलं की अर्ध्याहून जास्त उरतं. पावडरमध्ये डाय आणि ऑक्सिडायझर आधीच एकत्र असतात, फक्त पाणी मिळायचा अवकाश. आणि गोव्यात जून ते सप्टेंबर पाणी हवेतच असतं! कपाटातल्या चपलांवर बुरशी येते तिथे कापलेल्या पाकिटाचं काय. रबर बांधा, डब्यात घाला, चवथीच्या आधी काढावं तर गुठळ्या झालेल्या आणि पावडर आधीपेक्षा गडद. लावल्यावर रंग चढतो तो फिका आणि ठिपक्याठिपक्यांचा. माझ्यापुरता निकाल या एका वैतागाने लावला.

ट्यूबच्या डब्यात क्रीम आणि डेव्हलपर वेगळे असतात. पत्रकात समान प्रमाण दिलं असेल तर दहा ग्रॅम क्रीम, दहा ग्रॅम डेव्हलपर एवढंच प्लास्टिकच्या वाटीत घ्यायचं. धातूची वाटी नको. ट्यूब खालून दाबत हवा काढून झाकण लावायचं. डेव्हलपरच्या बाटलीत वापरलेला चमचा किंवा उरलेलं मिश्रण कधीच जाऊ द्यायचं नाही, कारण त्याने पेरॉक्साइड विघटित होतं. दोन्ही अंधाऱ्या, थंड जागी ठेवायचे, बाथरूममध्ये नाही.

डब्यावरची तारीख न उघडलेल्या मालाची असते. उघडलेली ट्यूब मी दोन-तीन महिने निर्धास्त वापरतो. त्यापुढे चिमूटभर कालवून पांढऱ्या बशीवर ठेवतो: अर्ध्या तासात नीट गडद झालं तर ठीक, फिकं राहिलं तर दोन्ही फेकायचे. बाटली फुगली असेल तर तपासायचंही नाही. रंग जुना असो वा नवा, अ‍ॅलर्जीची चाचणी मात्र दर वेळी, ४८ तास आधी.

साधी मेंदी हा वेगळा मामला. ती कालवलेली असली तरी फ्रीझरमध्ये राहते. पण रंग तांबूस येतो आणि मिशीला तो मला तरी शोभत नाही.

ज्यांना पूर्ण डोकं रंगवायचं असतं त्यांचं पाकीट एका बैठकीत संपतं, त्यांनी ट्यूबचे जादा पैसे का द्यावेत, हे मलाही सांगता येणार नाही.