पाच लाखांपासून वाढवत न्यावं, थेट पंचवीस घ्यावेत, की दहावर सुपर टॉप-अप?

माझा चुलतभाऊ चौतीस वर्षांचा आहे, राहतो साताऱ्यात. घरात बायको आणि एक मुलगी. गेल्या महिन्यात आरोग्य विम्याचे तीन पर्याय लिहून त्याने विचारलं, "दादा, यातलं कोणतं?" एक, आत्ता पाच लाखांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच विमा रक्कम असलेली पॉलिसी घ्यायची आणि पगार वाढेल तशी विमा रक्कम वाढवायची. दोन, सरळ पंचवीस लाखांची एकच पॉलिसी. तीन, दहा लाखांची मूळ पॉलिसी आणि त्यावर चाळीस लाखांचा सुपर टॉप-अप, म्हणजे वर्षभरातली बिलं मिळून दहा लाखांच्या वर गेली की तिथून पुढचं देणारी दुसरी पॉलिसी. मी स्वतः पहिल्या वाटेने निघालो आणि तिसरीवर आलो, त्यामुळे माझं मत अगदी कोरं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

त्याला पहिली दुरुस्ती सुचवली ती शहराची. तो खर्च साताऱ्याचा धरत होता. पण त्याच्या घरी कोणाला खरंच मोठं काही झालं तर गाडी पुण्याकडेच निघणार. म्हणून अंदाज पुण्याचाच हवा. शिवाय काही कंपन्यांचा हप्ता शहरांच्या झोनवर ठरतो. खालच्या झोनचा हप्ता भरून मोठ्या शहरात उपचार घेतले तर बिलातला ठराविक टक्का आपल्या गळ्यात येतो. पॉलिसीत ही अट आहे का, ते पाहून ठेवावं.

दुसरी दुरुस्ती आजाराची. रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर जाऊन बायपास किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा लेखी अंदाज मागितला तर बरेचदा देतात. मागताना खोली कोणती ते सांगावं, कारण ट्विन शेअरिंगऐवजी सिंगल म्हटलं की नुसतं खोलीभाडं वाढत नाही, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचे दरही अनेक ठिकाणी त्या वर्गाप्रमाणे चढतात. पॅकेज किती दिवसांचं आणि त्याच्या बाहेर काय, हेही विचारावं. पण हे आकडे ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियांचे. घर बसतं ते न ठरवलेल्या आयसीयूने. माझ्या मेव्हण्याला २०२३ मध्ये पुण्यात न्यूमोनिया झाला. अकरा दिवस आयसीयू, त्यातले सहा व्हेंटिलेटरवर, मग सात दिवस ट्विन शेअरिंग. बिल साडेसात लाखांच्या आसपास गेलं. त्यातले साडेपाच लाखांहून जास्त एकट्या आयसीयूच्या दिवसांचे होते. म्हणून मी हिशोब आयसीयूच्या दिवसांवर मांडतो: असं एक मोठं आजारपण साडेसात लाखांचं आणि फ्लोटर असल्यामुळे त्याच वर्षी घरातल्या दुसऱ्या कोणाचं दोन लाखांचं. आजच्या भावाने धरा दहा लाख.

आता महागाई. जाहिरातींत चौदा टक्क्यांपर्यंतचे आकडे दिसतात. मी माझ्यापुरता एक घरगुती उपाय केला. एकाच रुग्णालयाची दोन जुनी बिलं काढली, एक आईचं २०१६ चं आणि एक मुलाचं २०२४ चं. ट्विन शेअरिंगचं भाडं आधी दिवसाला २,४०० रुपये होतं, नंतर ५,२००. आठ वर्षांत दुपटीहून थोडं जास्त, म्हणजे वर्षाला साधारण दहा टक्के. बिलातली प्रत्येक ओळ अशीच वाढते असं नाही. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने कमाल मर्यादा घातली, त्याच वर्षी गुडघ्याच्या इम्प्लांटवरही. खोली, आयसीयू, नर्सिंग आणि डॉक्टरांच्या भेटी यांना तशी मर्यादा नाही, आणि लांबलेल्या आजारपणात पैसा तिथेच जातो. एका रुग्णालयाच्या एका ओळीवरून काढलेला आकडा आहे, तेव्हा शास्त्र म्हणून घेऊ नका. पण दहा टक्के धरले तर आजचे दहा लाख दहा वर्षांनी सव्वीस लाख होतात आणि पंधरा वर्षांनी जवळपास बेचाळीस. चौदा टक्के धरले तर दहा वर्षांनीच सदतीस.

हे आकडे पाहिले की पहिला पर्याय वाटतो तितका वाईट नाही. पाच घ्या, दर तीन वर्षांनी वाढवा, महागाईच्या मागोमाग चाला. मीही २०१४ मध्ये हेच मनाशी धरून पाच लाखांची फ्लोटर घेतली होती. "वाढवू की पुढे," असं तेव्हा एजंटही म्हणाला होता. २०१९ मध्ये रक्तदाब निघाला, गोळी सुरू झाली. पॉलिसी आधीची असल्याने मला त्याचं काहीच वाटलं नाही. २०२१ मध्ये पाचाचे दहा करायला गेलो तेव्हा पुन्हा प्रस्ताव फॉर्म, पुन्हा तपासण्या आणि वाढीव रकमेच्या हप्त्यावर लोडिंग, म्हणजे आजारामुळे जादा आकारणी. तेही भरलं. मग रिन्यूअलचा कागद आला. त्यात माझ्या नावापुढे दोन ओळी होत्या. मूळ ५,००,०००, प्रतीक्षा कालावधी पूर्ण. वाढीव ५,००,०००, पूर्वीच्या आजारांसाठी ४८ महिने.

तो कागद मी दोनदा वाचला. प्रतीक्षा कालावधी म्हणजे आधीपासूनच्या आजारांचा खर्च कंपनी देत नाही तेवढा काळ. मूळ पाच लाखांच्या दृष्टीने माझा रक्तदाब पॉलिसीनंतरचा आजार होता. नव्या पाच लाखांच्या दृष्टीने तोच रक्तदाब आधीपासूनचा. म्हणजे त्या कागदाप्रमाणे २०२५ पर्यंत मला हार्ट अटॅक आला असता आणि कंपनीने त्याचा संबंध रक्तदाबाशी जोडला असता, तर कागदावर दहा लाख असूनही हातात पाचच होते. यात कंपनीची लबाडी नव्हती, नियमच तसा आहे. एप्रिल २०२४ पासून या प्रतीक्षेची कमाल मर्यादा तीन वर्षांवर आली, पण वाढीव रकमेचं घड्याळ नव्याने सुरू होतं, ते तसंच राहिलं. साठ महिने झाले की फसवणूक सोडून, माहिती दिली नव्हती या कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, त्या मोरेटोरियमचंही तसंच: वाढवलेल्या रकमेसाठी मोजणी वाढवलेल्या दिवसापासून. खर्च आणि आजार दोन्ही वयाबरोबर वाढतात. त्यामुळे विमा रक्कम वाढवायची गरज जाणवते तोवर बहुधा एखादी गोळी सुरू झालेली असते. माझ्यासाठी पहिला पर्याय तिथेच संपला.

बोनसवर विसंबू का, असंही भाऊ म्हणाला. क्लेम न केलेल्या वर्षांसाठी विमा रकमेत पडणारा बोनस मिळतो तेव्हा मिळतो, पण बऱ्याच पॉलिसींत क्लेम झाला की तो उतरतो. रिस्टोअरच्या सोयीत वापरून संपलेली रक्कम पुन्हा भरते खरी, पण अनेकदा ती त्याच आजारासाठी किंवा त्याच पहिल्या क्लेमसाठी चालत नाही. मी दोन्ही शून्य धरतो.

उरले दोन. पंचवीस लाखांच्या एका पॉलिसीची बाजू सरळ आहे. एक कार्ड, कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी एकच टीपीए, एक फाइल. रुग्णालयात रात्री दोन वाजता कॅशलेसचा फॉर्म भरणाऱ्याला याची किंमत कळते. पासष्टीच्या आईवडिलांसाठी मी कदाचित हेच सुचवेन. पण आपल्या हिशोबात दहा वर्षांनी सव्वीस लागणार आहेत. म्हणजे पंचवीस लाख त्याला चव्वेचाळिशीत अपुरे पडायला लागतील आणि तो पुन्हा त्या दोन ओळींच्या कागदापाशी येईल. थेट पन्नास लाखांची मूळ पॉलिसीही मिळते. मला मात्र दहा अधिक चाळीस हे पंचवीसच्या एका पॉलिसीपेक्षाही स्वस्त पडलं. वय आणि कंपनीप्रमाणे हे बदलेल, कोटेशन काढून पाहावं.

सुपर टॉप-अपमध्ये मला आवडणारी गोष्ट अशी की त्याची डिडक्टिबल, म्हणजे ज्या रकमेच्या वर तो द्यायला लागतो ती मर्यादा, रुपयांत स्थिर असते. आज बारा लाखांचं बिल झालं तर दहा मूळ पॉलिसी देते, दोन सुपर टॉप-अप. दहा टक्क्यांच्या हिशोबाने तेच आजारपण पाच वर्षांनी सव्वाएकोणीस लाखांचं होईल. मूळ पॉलिसी तेव्हाही दहाच देईल आणि महागाईचा सगळा भार सुपर टॉप-अप उचलेल, सव्वानऊ लाख. अर्थात कंपनीलाही हे गणित येतं. बिल साठ टक्क्यांनी वाढलं तर तिचा वाटा साडेचार पटींहून जास्त होतो. त्यामुळे त्याचा हप्ता मूळ पॉलिसीपेक्षा वेगाने वाढला तर नवल वाटून घेऊ नये.

एक चूक मात्र महागात पडते, म्हणून जरा सविस्तर. दोन्ही पॉलिसींचं वर्ष एकाच तारखेला सुरू व्हावं. समजा मूळ पॉलिसी एप्रिल ते मार्च आहे आणि सुपर टॉप-अप सप्टेंबर ते ऑगस्ट. ऑगस्टमध्ये आठ लाखांचं बिल झालं आणि ऑक्टोबरमध्ये सहा लाखांचं. मूळ पॉलिसी आधी आठ देईल, मग उरलेले दोन. चार लाख राहिले. सुपर टॉप-अप आपल्या वर्षात पाहील: जुन्या वर्षात आठ, नव्या वर्षात सहा, दहा कधीच ओलांडले नाहीत. ते चार लाख खिशातून. तारखा जुळत असत्या तर चौदातले चार त्याने दिले असते. आणि घेताना 'सुपर' हा शब्द पाहून घ्या. नुसता टॉप-अप प्रत्येक क्लेमला डिडक्टिबल वेगळी मोजतो. वरच्या उदाहरणात तारखा जुळल्या तरी त्याने काही दिलं नसतं.

दोन फाइलींचा त्रास खरा आहे. मी दोन्ही एकाच कंपनीकडे घेतल्या, त्याने तो थोडा कमी झाला. ग्लोव्ह्ज, मास्क असल्या न देय वस्तू मूळ पॉलिसीने कापल्या तर सुपर टॉप-अपही त्या बहुतेक देत नाही. आणि मूळ पॉलिसीला खोलीभाड्याची मर्यादा असेल, तर त्याहून महागड्या खोलीमुळे होणारी कपात वरच्या पॉलिसीने भरून निघेल असं धरू नये. म्हणून मूळ दहा लाखांची पॉलिसी खोलीभाड्याला मर्यादा नसलेली निवडावी.

भावाने शेवटी विचारलं की आत्ता पाच आणि सुपर टॉप-अप पुढच्या वर्षी असं केलं तर? त्याचं वजन ब्याऐंशी किलो आहे आणि वडिलांना चाळिशीत साखर निघाली होती. मी म्हटलं, दोन्ही याच महिन्यात घे, एकाच तारखेला. मूळ दहाची परवडत नसेल तर सात किंवा पाचची घे आणि डिडक्टिबल तेवढीच ठेव, पण वरचे चाळीस आत्ताच घे.