स्टीलची थर्मास बाटली आणि डबा: फोटोवरून केलेली पारख वापरात कितपत खरी ठरली

रोजच्या वापरातली ७५० मिलीची निर्वात बाटली आणि तीन भांड्यांचा गरम राहणारा डबा, या दोन वस्तूंबद्दल हे लिहितो आहे. दोन्ही ऑनलाइन घेतल्या. घेण्यापूर्वी फोटोत तीन गोष्टी तपासल्या होत्या: बुडावरचा ठसा, झाकणातली रबरी रिंग आणि मापाचे आकडे. काही महिन्यांच्या वापरानंतर सांगायचं तर रिंगेचा फोटो सगळ्यात जास्त कामी आला, त्याखालोखाल मापाचा हिशोब. ठसा मात्र लोक सगळ्यात आधी बघतात आणि त्यातून कळतं सगळ्यात कमी.

ठशापासूनच सुरुवात करू. बुडावर १८/८, ३०४ किंवा एसयूएस ३०४ असं लिहिलेलं असतं. तिन्हींचा अर्थ जवळपास एकच, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेलं स्टील. ३१६ मध्ये यापुढे दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मीठ आणि आंबट पदार्थांपुढे ते जास्त टिकतं. २०१ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. ते स्वस्त पडतं, पण ओल आणि मीठ यांच्यापुढे लवकर डागाळतं.

अडचण अशी की या बाटलीला दोन भिंती असतात आणि बाहेरच्या बुडावरचा ठसा बाहेरच्या भिंतीवर असतो. पाणी लागतं आतल्या भिंतीला. दोन्हींसाठी एकच स्टील वापरलं असेल असं अजिबात नाही; आत ३०४ आणि बाहेर २०१ ही जोडी अगदी नेहमीची आहे, आणि प्रामाणिकपणे तसं लिहिलेलं असेल तर त्यात गैरही काही नाही. म्हणून बुडाच्या फोटोपेक्षा बाटलीच्या तोंडातून, टॉर्च लावून काढलेला आतल्या तळाचा फोटो मागावा. चांगल्या बाटल्यांच्या आतल्या तळावर आकडा दाबून उमटवलेला असतो. दाबलेल्या अक्षरांच्या एका कडेला बारीक सावली दिसते. लेझरने लिहिलेली अक्षरं करडी, सपाट आणि बिनसावलीची असतात. ती बाटली पूर्ण तयार झाल्यावरही टाकता येतात, त्यामुळे पुरावा म्हणून त्यांचं वजन कमी. अक्षरं तळाच्या गोलाईबरोबर वळत नसतील आणि भोवतालच्या चकाकीचा त्यांच्यावर काहीच परिणाम दिसत नसेल, तर तो फोटो संगणकावर सजवलेला आहे असं समजावं. खरेदीदारांनी टाकलेले धूसर फोटो अशा वेळी जास्त खरे निघतात.

चुंबक लावून बघा, असा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धवट आहे. ३०४ आणि २०१ दोन्ही चुंबकाला फारशी दाद देत नाहीत, म्हणजे खरा प्रश्न ज्या दोघांत आहे ते वेगळे ओळखूच येत नाहीत. उलट अस्सल ३०४ ओढून, वाकवून घडवलं की मानेपाशी किंवा बुडाच्या वळणावर चुंबक हलकेच धरतं. तेवढ्यावरून बाटली परत पाठवणं चूक. सगळ्या अंगावर चुंबक घट्ट बसला तर मात्र शंका घ्यावी.

माझ्या बाटलीच्या आत काही आठवड्यांनी तांबूस ठिपके आले. असे ठिपके दिसले की आधी कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड टाकून अर्धा तास ठेवावं. ठिपके निघून गेले तर ते पाण्यातल्या लोहाचे किंवा क्षारांचे थर होते. माझे निघून गेले. त्याच जागी परत आले आणि बोटाला खड्डा जाणवला तर ते गंजणं आहे, बहुतेक वेळा आतल्या जोडाच्या रेषेवर. ब्लीच आत कधीच घालू नये. त्यातलं क्लोरीन ३०४ लाही खड्डे पाडतं.

आता मापाकडे. इथे फोटो आणि साधा गुणाकार पुरतो. समजा एक बाटली १००० मिली म्हणून दाखवली आहे आणि मापाच्या चित्रात व्यास ७ सेंमी, झाकणासह उंची २६ सेंमी आहे. दोन भिंती आणि मधली पोकळी मिळून व्यासातून साधारण ८ मिमी जातात, म्हणजे आतला व्यास ६.२ सेंमी. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस सेंमी. उंचीतून झाकणाचे साडेतीन आणि बुडाच्या पोकळीचा एक सेंमी वजा केला तर उरतात साडेएकवीस. गुणाकार ६४५ मिलीच्या आसपास येतो, आणि खांद्याशी बाटली निमुळती होते त्याचं वेगळं वजा करायचं. ही बाटली ५०० ते ६०० मिलीची आहे. हजार मिली तिच्यात मावणं शक्य नाही. खऱ्या एक लिटरसाठी एवढ्याच उंचीला साडेआठ सेंमीच्या आसपास व्यास लागतो. हा हिशोब अंदाजाचा आहे, दहा टक्के इकडेतिकडे होणारच. पण ज्या फसव्या आकड्यांसाठी तो करायचा, त्यांतला फरक दहा टक्क्यांपेक्षा कितीतरी मोठा असतो.

घरी आल्यावर खात्री करायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरे. रिकामी बाटली ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि काठोकाठ पाणी भरायचं. जितके ग्रॅम तितके मिली. माझी बाटली काठोकाठ ७५२ भरली. पण झाकणाचा बूच दोन सेंमी आत उतरतो आणि तोंड साडेचार सेंमी रुंद आहे, म्हणजे तीसेक मिली पाणी बूच बाहेर ढकलतो. प्रत्यक्ष वापरायचं माप ७२० च्या जवळ. बुडावरचा आकडा काठापर्यंतचा की झाकण लावल्यावरचा, हे क्वचितच कुणी लिहितं.

डब्यात हाच फरक जास्त बोचतो, कारण भांडी उथळ असतात. आतून ११ सेंमी रुंद भांड्यात एक सेंमी उंची म्हणजे ९५ मिली. ३५० मिली लिहिलेल्या माझ्या भांड्याचं झाकण ६ मिमी आत शिरतं, तेवढ्यानेच ५७ मिली गेले. रस्सा २८० च्या वर भरला की झाकण दाबताना रिंगेखाली तेल चढतं आणि मग डबा गळतो अशी तक्रार होते. म्हणून डब्याच्या बाबतीत झाकण उलटं ठेवून, बाजूने काढलेला फोटो हवा. आत शिरणारी कड किती खोल आहे ते त्यात दिसतं. शिवाय जाहिरातीतला मोठा आकडा तिन्ही भांड्यांची बेरीज असतो, तोही काठापर्यंतचा.

रिंगेचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण महिन्यांनंतर जे बिघडतं ते बहुधा इथेच. फोटोत पहिली गोष्ट बघायची ती रिंग निघते का. झाकण, बूच आणि रिंगा सुट्या करून मांडलेला एक फोटो असला तर निम्मे प्रश्न सुटतात. रिंग कायमची चिकटवलेली असेल तर तिच्या मागे ओल साचते, काळी बुरशी धरते आणि साफ करायला वाव राहत नाही. दुसरी गोष्ट, रिंगा किती. साध्या आट्याच्या बुचाला एकच असते. बटण दाबून ओतायच्या झाकणात दोन असतात, एक मानेशी आणि एक छोटी बटणाखालच्या झडपेला. ही छोटी रिंग आधी झिजते आणि बाटली आडवी पडली की थेंबथेंब पाझर सुरू होतो. तिची सुटी रिंग मिळते का, हे घेण्यापूर्वीच विचारावं. मी आट्याचं झाकण घेतलं. ओतायला गैरसोयीचं, पण गळणं आजवर शून्य.

धुऊन परत बसवल्यावर अचानक गळती लागली तर आधी रिंग उलटी बसली आहे का ते बघावं. बऱ्याच रिंगा सपाट नसतात. एका बाजूला पातळ ओठ असतो आणि तो बाटलीच्या काठाकडे वळलेला लागतो. पहिल्यांदा काढण्यापूर्वी फोनवर जवळून फोटो काढून ठेवला की हा घोळ होत नाही. बसवल्यावर बोट फिरवून कुठे फुगवटा राहिलाय का बघायचं, मग कोमट पाणी भरून बाटली कागदावर दहा मिनिटं आडवी ठेवायची. उकळतं पाणी या चाचणीला नको. वाफेच्या दाबाने चांगलं झाकणही थेंब सोडू शकतं आणि हात भाजायची भीती वेगळीच.

डब्याच्या सिलिकॉन रिंगेला जेवणाचा वास लागतो तो तेलामुळे. तेल आत मुरतं, नुसत्या साबणाने निघत नाही. रिंग काढून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवली की वास बराच कमी होतो, रंग मात्र राहतो. रंग राहिला म्हणून रिंग बदलायची गरज नसते. ती खाचेत सैल फिरू लागली, लांबली किंवा चिकट लागली की बदलावी.

ऊब किती टिकते ते फोटोत कळत नाही, फक्त एक अंदाज मिळतो. वर्णनात वजन दिलेलं असेल तर बघावं: ५०० मिलीची दुहेरी भिंतीची बाटली झाकणासह साधारण अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम भरते. दीडशेच्या आत असेल तर ती एकाच भिंतीची असण्याची शक्यता दाट. डब्यांत तर ‘इन्सुलेटेड’ म्हणजे बहुतेकदा स्टीलचं भांडं, बाहेर प्लास्टिक आणि मध्ये फोम किंवा नुसती हवा. माझा डबा याच जातीचा आहे. दोन-अडीच तास जेवण कोमट राहतं, त्यापुढे नाही.

निर्वात बाटली आल्याबरोबर उकळतं पाणी भरून पाच मिनिटांनी बाहेरून हात फिरवावा. मानेचा भाग गरम लागणं साहजिक आहे, कारण दोन्ही भिंती तिथे जोडलेल्या असतात. पोट किंवा बूड गरम लागलं तर पोकळीत हवा शिरली आहे आणि त्याला दुरुस्ती नाही, बाटली परत करावी. पडून पोचा आला तर हीच चाचणी पुन्हा करावी. बुडाशी आलेला पोचा पोटावरच्या पोच्यापेक्षा वाईट. बऱ्याच बाटल्यांत हवा काढून घेतल्यावर जिथे छिद्र बुजवतात ती जागा बुडाच्या चकतीखालीच असते. माझ्या बाटलीच्या पोटावर दोन पोचे आहेत आणि पाणी अजून तितकंच गरम राहतं.