आधी कापायचं की आधी वाचायचं?

टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेली दोन बिलं, फोटो एकच, आणि त्यातल्या रकमा संगणकाकडून वाचून घ्यायच्या आहेत. डावीकडे हॉटेलचं: जेवण 420, सीजीएसटी 10.50, एसजीएसटी 10.50, एकूण 441. उजवीकडे पेट्रोलचं, 500 रुपयांचं.

अख्खा फोटो टेसेरॅक्ट या फोटोतला मजकूर वाचणाऱ्या प्रोग्रॅमला `--psm 6` लावून दिला, तर तो सगळा मजकूर एकच ठोकळा धरतो आणि ओळ या कागदावरून थेट त्या कागदावर नेतो. हाती येतं `एकूण 441.00 500.00`. आता कुठली रक्कम कुणाची? `tsv` आउटपुटमध्ये प्रत्येक शब्दाची जागा मिळते, त्यामुळे मधली मोकळी उभी पट्टी शोधून शब्द दोन गटांत वाटता येतात. बिलं सरळ असतील तर हे छान जमतं. एखादं तिरकं पडलं की पट्टीच उरत नाही.

दुसरी रीत म्हणजे ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीने आधी कागदांच्या कडा शोधायच्या, प्रत्येक तुकडा कापून सरळ करायचा आणि मग वेगवेगळा वाचायचा. मी हीच वापरतो, कारण प्रत्येक बिलाचा तिरकेपणा त्याच्यापुरता सुधारता येतो. मात्र टेबल गडद हवं. पांढऱ्या सनमायकावर कडा सापडत नाहीत, आणि बिलं एकमेकांवर चढली असतील तर दोन्ही मिळून एकच तुकडा निघतो. (तेव्हा मुकाट्याने फोटो परत काढावा.)

रीत कुठलीही असो, तुकडे आणि बिलं मोजून बघा, शिवाय बेरीजही करा: 420 + 10.50 + 10.50 = 441. तिथे 500 दिसले, तर शेजारच्याची रक्कम घुसली आहे.