पाणी थांबेना, आणि माझ्या गळ्यात चार सोलेनॉईड

लॉनच्या तिसऱ्या झोनचे स्प्रिंकलर टायमर बंद झाला तरी थांबेनात. रात्री मेन कॉक बंद करून झोपलो आणि सकाळी माणूस बोलावला. त्याने व्हॉल्व्हच्या खड्ड्यात डोकावून लगेच सांगितलं, "सोलेनॉईड जळालंय. एक गेलं की बाकीची तीनही जातात, सगळीच बदलून टाकू." हातात मल्टिमीटर नाही, एक वायरही सोडवली नाही. तरी मी हो म्हणालो.

तिथेच फसलो. सोलेनॉईड म्हणजे व्हॉल्व्हवर बसवलेली विजेची कॉइल. तिला वीज मिळाली की आतला छोटा दांडा वर ओढला जातो, व्हॉल्व्हमधल्या रबरी पडद्यावरचं पाणी निघून जातं, दाब उतरतो, पडदा उचलला जातो आणि पाणी वाहू लागतं. वीज गेली की दांडा खाली बसतो, वर पुन्हा पाणी भरतं, पडदा दाबला जातो आणि पाणी बंद होतं. म्हणजे कॉइल जळाली तर व्हॉल्व्ह उघडणारच नाही, झोन कोरडा राहील. माझ्याकडे तर पाणी थांबत नव्हतं! अगदी उलटा आजार.

त्याने तिसऱ्या झोनचं झाकण उघडलं, पडदा पुसला, चारही ठिकाणी नवीन सोलेनॉईड बसवली. पाणी थांबलं, मीही खूश. पण दोन महिन्यांनी तोच झोन पुन्हा अडकला, नव्या कोऱ्या सोलेनॉईडसकट.

या वेळी आधी त्या झोनची एक वायर काढून पाहिली. पाणी चालूच. म्हणजे टायमर वीज सोडतोय ही शंका मिटली. सोलेनॉईड पुरतं आवळलेलं होतं. ते हाताने थोडं सैल फिरवून ठेवलं असेल तरीही पाणी वाहत राहतं, म्हणून तेही बघून घ्यावं. मग मेन बंद करून झाकणाचे स्क्रू काढले. (स्प्रिंग उडून गवतात जाते, हात ठेवा.) पडद्याखाली, बैठकीच्या कडेला वाळूचा एक खडा रुतलेला होता, मोहरीपेक्षा थोडा मोठा. पडद्यातल्या बारीक भोकातही गाळ होता. ते बुजलं की वर दाब भरतच नाही. पडदा फाटलेला नव्हता. धुतला, मेन क्षणभर सोडून पाइपातला कचरा बाहेर काढला, झाकण लावलं. झोन बंद.

मग जुन्या सोलेनॉईडची पिशवी आठवली. सुदैवाने मी ती मागून ठेवली होती. मल्टिमीटर लावला: चारही कॉइल २४ ते ३० ओहमच्या आत. २४ व्होल्ट एसीच्या सोलेनॉईडला साधारण २० ते ६० ओहम ठीक समजतात. तुटलेल्या कॉइलला मीटर काहीच दाखवत नाही, शॉर्ट असेल तर आकडा अगदी खाली येतो.

फोन केला तर म्हणाला, "साहेब, मीटरवर विश्वास ठेवू नका, अनुभव वेगळा असतो."